एबीएस, ट्रॅक्शन आणि स्टॅबिलिटीचे तीन दिवे एकदम लागले? आधी चाकाजवळची वायर बघा

गाडी नीट चाललीये, ब्रेकही लागतोय, आणि अचानक मीटरवर पिवळे दिवे लागतात. एकावर एबीएस लिहिलेलं, एकावर घसरणाऱ्या गाडीचं चित्र, आणि एखाद्या गाडीत तिसरा ट्रॅक्शनचा वेगळा. एक दिवा असता तर माणूस म्हणाला असता बघू उद्या, पण तीन एकदम लागले की पोटात गोळाच येतो, वाटतं की ब्रेकचं अख्खं सिस्टिम गेलं. आणि नेमक्या याच घाबरलेल्या अवस्थेत लोक हजारोंचं एबीएस मॉड्यूल बदलायला हो म्हणतात, म्हणून हे सगळं जरा निवांत लिहितोय. तीन दिवे एकदम लागण्याचं एक अगदी नेहमीचं कारण म्हणजे एका चाकाजवळचा अंगठ्याएवढा सेन्सर, आणि बऱ्याचदा तो सेन्सरसुद्धा चांगलाच असतो, त्याच्या टोकाला घाण बसलेली असते नाहीतर त्याची वायर तुटलेली असते.

तीन दिवे, पण टाकी एकच

घरात एकाच टाकीवरून तीन नळ घेतलेत आणि तिन्हीचं पाणी एकदम गेलं तर आपण तीन प्लंबर बोलावत नाही, टाकी बघतो. इथेही तसंच आहे.

एबीएसचं काम म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणं. ट्रॅक्शन कंट्रोलचं काम उलट, म्हणजे ॲक्सिलरेटर दिल्यावर चाक जागच्या जागी फिरू न देणं. आणि स्टॅबिलिटी कंट्रोल बघतं की तुम्ही स्टिअरिंग जिकडे वळवलंय तिकडेच गाडी जातेय ना, नसेल तर एखाद्या चाकाला स्वतःहून ब्रेक लावून गाडी सरळ करतं. कामं तीन, पण तिघांनाही सगळ्यात आधी एकच गोष्ट माहीत असावी लागते, की चारही चाकं आत्ता या क्षणाला किती वेगाने फिरतायत. ती माहिती चार चाकांवरच्या चार सेन्सरकडून येते आणि एकाच मॉड्यूलमध्ये जाते. मॉड्यूल म्हणजे इंजिनाच्या बाजूला बसवलेला तो ॲल्युमिनियमचा ठोकळा ज्यात ब्रेकच्या बारीक नळ्या शिरतात, त्याला चिकटलेला काळा डबा हा त्याचा मेंदू.

सेन्सर नेमकं मोजतो काय

लहानपणी सायकलच्या आऱ्यांमध्ये जाड पुठ्ठा अडकवून टर्रर्र आवाज काढलाय ना, बस तेच. आवाज जितका जलद तितकी सायकल जोरात, आणि डोळे मिटूनही कळायचं. गाडीत आऱ्यांच्या जागी एक रिंग असते, जुन्या पद्धतीत ती लोखंडी दातेरी असते आणि नव्या गाड्यांत बहुतेक वेळा बेअरिंगच्या सीलमध्येच बसवलेली चुंबकीय रिंग असते जिच्यावर दाते दिसत नाहीत, पण उत्तर-दक्षिण उत्तर-दक्षिण असे पट्टे भरलेले असतात. सेन्सर या रिंगला टेकत नाही, साधारण एक मिलिमीटरच्या आसपास अंतर ठेवून बसतो आणि समोरून जाणारे पट्टे मोजतो.

समजा रिंगवर ४८ पट्टे-जोड्या आहेत आणि चाकाच्या एका फेऱ्यात गाडी १.९ मीटर पुढे जाते. म्हणजे साधारण दर ४ सेंटिमीटरला सेन्सरकडून एक सिग्नल, त्याला आपण टिचकी म्हणू. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर, म्हणजे त्या एका चाकाकडून सेकंदाला अडीचशेच्या आसपास टिचक्या येतायत. आता यातल्या काही टिचक्या मधेच गायब झाल्या तर मॉड्यूलला काय वाटेल? चाक क्षणभर थांबलं असं वाटेल. हे पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.

एक चाक गप्प झालं तर तीन चाकांवर का भागत नाही

हा प्रश्न खूप जण विचारतात आणि रास्त आहे. पण बघा, चाक घसरतंय की नाही हे एकट्या चाकाकडे बघून मॉड्यूलला खात्रीने ठरवता येत नाही, ते मुख्यतः चौघांची तुलना करून ठरवतं. तिघं म्हणतायत ताशी ४० आणि चौथा म्हणतोय १०, तर चौथं चाक जाम होतंय. आता चौथा सेन्सरच मेला आणि सतत शून्य सांगायला लागला, तर मॉड्यूलला ते चाक कायम जाम झालेलंच दिसेल आणि ते त्या चाकाचा ब्रेक सोडत बसेल. तुम्ही ब्रेक दाबताय आणि गाडी ब्रेक सोडतेय, यापेक्षा भयंकर काय असणार. म्हणून मॉड्यूल एक शहाणपणाचा निर्णय घेतं, की माहिती खात्रीची नाही तर मी हातच लावत नाही, आणि तिन्ही कामं बंद करून तिन्ही दिवे लावतं. दिवे म्हणजे बाजूला झाल्याची सूचना आहे, ब्रेक फेल झाल्याची नाही. साधा ब्रेक, म्हणजे पेडल, तेल आणि पॅड, तो तसाच चालू राहतो.

याच कारणाने काही गाड्यांत क्रूझ कंट्रोल किंवा चढावर गाडी धरून ठेवणारी सोय पण बंद पडते, कुठे स्पीडोमीटरचा काटाही पडतो. ते वेगळे बिघाड नाहीत, त्याच टाकीवरचे आणखी नळ.

दिवा कधी लागतो हीच अर्धी परीक्षा

सगळ्यात कामाची गोष्ट ही आहे आणि तिला काहीही खर्च नाही. गाडी बंद करून पुन्हा चालू करा. चावी फिरवल्यावर दिवे क्षणभर लागून विझतात, ही मॉड्यूलची स्वतःची तपासणी. आता बघत राहा.

दिवे विझलेच नाहीत किंवा गाडी जागेवरून हलायच्या आधीच परत लागले, तर संशय वायरवर. कारण मॉड्यूल गाडी उभी असतानाही प्रत्येक सेन्सरच्या दोन वायरींतून बारीकसा करंट पाठवून बघतं की सर्किट जोडलेलं आहे का. वायर तुटली, कपलर सुटला, दोन वायरी एकमेकींना चिकटल्या, हे त्याला चाक न फिरवताच कळतं.

दिवे विझले, गाडी निघाली, आणि थोडा वेग आल्यावर मग लागले, तर सर्किट जोडलेलं आहे पण टिचक्या येत नाहीत किंवा तिघांशी जुळत नाहीत. इथे संशय घाणीवर, गंजावर, रिंगवर किंवा बेअरिंगवर.

तिसरा प्रकार म्हणजे ठरावीक वेळीच लागणारे, फक्त पूर्ण वळण घेताना, फक्त खड्ड्यात, फक्त पाऊस झाल्यावर. ही जवळजवळ नेहमी वायर किंवा कपलर असते, आत तुटलेली पण वरून धडधाकट दिसणारी वायर.

आणि एक चौथा प्रकार आहे ज्यात दिवा लागतच नाही, पण गाडी अगदी थांबता थांबता, शेवटच्या काही किलोमीटरच्या वेगात, कोरड्या रस्त्यावर हलका ब्रेक असताना पेडल पायाखाली कर्रर्र करतं. हेच ते टिचक्या गळण्याचं प्रकरण. रिंगला तडा गेलाय किंवा गंजाने ती फुगलीये, एक दोन टिचक्या गळतायत आणि मॉड्यूलला वाटतंय चाक जाम झालं. हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही, कारण अशा वेळी गाडी थांबायला जास्त अंतर घेते.

माझ्या गाडीत काय निघालं

माझ्या गाडीत दिवे तिसऱ्या प्रकाराने लागायचे. पार्किंगमध्ये स्टिअरिंग डावीकडे पूर्ण फिरवलं की तिन्ही लागणार, गाडी बंद करून चालू केली की गायब, मग दोन दोन दिवस काहीच नाही. एका गॅरेजमध्ये दाखवली तर त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं की एबीएस मॉड्यूल गेलंय, अख्खं बदलावं लागेल. मला ते पटेना, कारण मॉड्यूलला स्टिअरिंग कुठे फिरवलंय याचा त्रास का व्हावा.

मग एबीएस वाचता येणारा स्कॅनर मिळवला. हे महत्त्वाचं आहे, कारण स्वस्तातले बरेच स्कॅनर फक्त इंजिनाचे कोड वाचतात, P ने सुरू होणारे, आणि एबीएसचे कोड C ने सुरू होतात, त्यामुळे साधा स्कॅनर लावून काही नाही आलं म्हणजे बिघाडच नाही असं समजू नका. माझ्याकडे C0040 आला, म्हणजे पुढच्या उजव्या चाकाच्या सेन्सरचं सर्किट. (पुढचं डावं C0035, मागचं डावं C0045, मागचं उजवं C0050, पण बऱ्याच कंपन्या स्वतःचे वेगळे कोड वापरतात, त्यामुळे आपल्या गाडीच्या यादीत बघूनच ठरवायचं.)

कोड फक्त कोपरा सांगतो, दोषी कोण ते सांगत नाही. म्हणून लाइव्ह डेटा उघडला, त्यात चारही चाकांचे वेग शेजारी शेजारी दिसतात. मोकळ्या जागेत बायकोला गाडी हळू चालवायला लावली आणि मी शेजारी बसून बघत होतो. सरळ जाताना चारही १८. उजवीकडे वळताना आतली चाकं थोडी कमी, बाहेरची थोडी जास्त, तसं असायलाच हवं. डावीकडे स्टिअरिंग पूर्ण नेलं आणि पुढच्या उजव्याचा आकडा पटकन शून्य झाला, बाकी तिघं तसेच, आणि लगेच तिन्ही दिवे. सेन्सर मेलेला असता तर तो सरळ जातानाही मेलेलाच राहिला असता, तो वळणावर मरून सरळ रस्त्यावर जिवंत होत नाही.

गाडी जॅकवर घेतली, खाली स्टँड लावला, चाक काढलं. सेन्सरची वायर हबपासून निघून शॉकअपच्या एका पत्र्याच्या कानात रबरी ग्रोमेटने अडकवलेली असते आणि तिथून मडगार्डच्या आत जाते. ते ग्रोमेट कानात नव्हतंच, बाहेर लोंबत होतं. दोन महिन्यांपूर्वी शॉकअप बदलले होते तेव्हा काढलं आणि परत बसवायचं राहिलं. त्यामुळे प्रत्येक वळणावर वायर एकाच जागी ताणली जात होती. वरचं काळं आवरण अख्खं होतं, एक ओरखडा नाही. पण वायर दोन बोटांत धरून इंच इंच सरकत गेलो तर एका ठिकाणी ती मऊ लागली, बाकी ठिकाणी वाकवली की कमानीसारखी गोल वाकायची आणि तिथे मात्र कागदासारखी चटकन दुमडायची. आत तांबं तुटलेलं, फक्त आवरणाने धरून ठेवलेलं. दोन्ही टोकांचे कपलर काढून मल्टीमीटर लावला, सरळ ठेवली की वायर जोडलेली, ताणली की तुटलेली. सेन्सर पूर्ण चांगला, मॉड्यूल पूर्ण चांगलं, आणि बिघाड एका निसटलेल्या रबराचा.

"मग वायर पिळून टेप मारली तर?"

नका करू. ही वायर दर वळणावर आणि दर खड्ड्यावर हलते आणि पाण्यात भिजते, टेप काही आठवड्यांत सुटते, तांब्याला हिरवा गंज येतो आणि तोच दिवा परत. नुसतं सोल्डरसुद्धा हलत्या जागी टिकत नाही, कारण सोल्डर जिथे संपतं तिथे वायर कडक होते आणि नेमकी त्याच्या शेजारी पुन्हा तुटते. जमत असेल तर सेन्सरपर्यंतचा वायरचा तुकडा अख्खा बदला, बऱ्याच गाड्यांत तो वेगळा मिळतो आणि काहींत सेन्सरला जोडूनच येतो. जोडच द्यायचा असेल तर तो कमी हलणाऱ्या जागी न्या, क्रिम्प करा आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा म्हणजे पाणी शिरणार नाही. दोन वायरी एकमेकींना पीळ दिलेल्या असतील तर तो पीळ परत द्या, तो इतर वायरींचा गोंधळ आत येऊ नये म्हणून असतो. आणि ग्रोमेट त्याच्या कानात बसवा, नाहीतर नवी वायरही त्याच जागी मोडेल.

घाण म्हणजे नेमकी कुठली घाण

दुसरं कारण घाण, पण साधा चिखल फारसं काही बिघडवत नाही, चुंबकाला माती अडवत नाही. त्रास देतं ते लोखंड. ब्रेक डिस्क आणि पॅड झिजून जी भुकटी उडते त्यात लोखंडाचे कण असतात, ते चुंबक असलेल्या सेन्सरच्या टोकाला किंवा चुंबकीय रिंगला केसाळ काळ्या थरासारखे चिकटतात, सुरवंटाच्या अंगासारखे दिसतात अगदी. त्यामुळे टिचक्या पुसट होतात.

गंज त्याहून लबाड आहे. सेन्सर ज्या भोकात बसतो त्या लोखंडाला गंज चढला की तो फुगतो आणि सेन्सरला हळूहळू वर उचलतो. मूळ अंतरच एक मिलिमीटरचं, त्यात गंजाने अर्धा मिलिमीटर वाढवला तरी टिचक्या मंद पडतात. जुन्या, गुंडाळी आणि चुंबकवाल्या सेन्सरमध्ये हे आधी कमी वेगात जाणवतं, कारण त्याचा सिग्नल मुळातच वेगाबरोबर वाढतो आणि हळू चालताना अगदी क्षीण असतो.

साफ करायचं काम अर्ध्या तासाचं आहे पण धीराने. सेन्सर बहुधा एकाच छोट्या बोल्टने धरलेला असतो. बोल्ट निघाला तरी सेन्सर गंजात अडकलेला असतो, त्याला पक्कडीने ओढू नका, प्लास्टिक तुटून अर्धा आत राहतो आणि मग चांगला सेन्सर खरंच जातो. गंज सोडवणारा स्प्रे मारून थांबा, मग डावीउजवीकडे थोडं थोडं फिरवत काढा. टोक कापडाने पुसा, भोकाचा गंज आणि टेकायची जागा पॉलिश पेपरने साफ करा, पण कचरा आत बेअरिंगकडे पडू देऊ नका. चुंबकीय रिंगला वायर ब्रश लावू नका आणि कुठलंही चुंबक तिच्याजवळ नेऊ नका, पट्टे बिघडले की बेअरिंगच बदलावं लागतं.

बेअरिंगवरून आठवलं, बेअरिंग बदलल्यावर लगेच दिवे लागले असतील तर ते उलटं बसलंय का हे आधी विचारा. चुंबकीय रिंग एकाच बाजूला असते, ती सेन्सरच्या विरुद्ध गेली तर सेन्सरपुढे मोजायला काहीच उरत नाही. आणि बेअरिंग ढिलं असेल तर चाक डुलतं, अंतर सारखं बदलतं, तिथे साफसफाईने काही होणार नाही.

"सरळ सेन्सरच बदलून टाकला तर काय बिघडतं?"

तो खरंच गेला असेल तर बदला, जातात ते. पण वायर हार्नेसमध्ये, म्हणजे गाडीच्या वायरींच्या जुडग्यात, तुटलेली असेल तर नवा सेन्सरही तेच सांगणार. मीटरने सेन्सर तपासायचा तर आधी प्रकार ओळखा. जुन्या गुंडाळीवाल्या सेन्सरचा रोध मोजता येतो, साधारण हजार-दोन हजार ओहमच्या आसपास येतो, आणि सोपी खूण म्हणजे दुसऱ्या बाजूच्या चाकाच्या सेन्सरशी ताडून बघायचं. नव्या सेन्सरमध्ये मात्र आत इलेक्ट्रॉनिक्स असतं आणि तो मॉड्यूलने दिलेल्या विजेवर चालतो, त्याचा रोध मोजून काही कळत नाही, आणि त्यावरून "सेन्सर उडालाय" असं कोणी सांगितलं तर त्या निदानावर विश्वास ठेवू नका. त्याची परीक्षा लाइव्ह डेटावर, चाक फिरवूनच.

मॉड्यूल किंवा दुसरंच काही असू शकत नाही का

असू शकतं, आणि हे मी लपवणार नाही. अशक्त बॅटरी, ब्रेक लाइटचा स्विच, स्टिअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर, यांनीही हे दिवे लागतात, एका चाकाचा टायर वेगळ्या मापाचा असेल तरी आकडे जुळत नाहीत. मॉड्यूलही जातं. पण कोड एकाच चाकाचं नाव घेत असेल तर त्या चाकाची वायर, कपलर, सेन्सरचं टोक आणि रिंग डोळ्यांनी बघितल्याशिवाय मॉड्यूलचं नावच काढू देऊ नका. "लाइव्ह डेटात कुठल्या चाकाचा आकडा पडतोय ते मला दाखवा" एवढं एक वाक्य गॅरेजमध्ये बोला, ज्याने तपासलंय तो दाखवेल.

तोपर्यंत गाडी चालवायची का

फक्त पिवळे दिवे असतील आणि पेडल नेहमीसारखं घट्ट असेल तर हळू चालवत गॅरेजपर्यंत नेता येते. पण जोरात ब्रेक मारला तर चाकं जाम होतील, आणि जाम झालेल्या पुढच्या चाकांनी गाडी वळत नाही, स्टिअरिंग कितीही फिरवा. ओल्या रस्त्यावर पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा बरंच जास्त अंतर ठेवा.

पिवळ्यांच्या सोबत लाल ब्रेकचा दिवाही लागला तर गोष्ट वेगळी. पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देण्याचं कामही हेच मॉड्यूल करतं, ते बंद पडलं तरी लाल लागतो, पण ब्रेकचं तेल कमी झालं तरीही लालच लागतो, आणि मीटरकडे बघून यातला फरक कळत नाही. थांबा, हँडब्रेक पूर्ण सुटलाय का बघा, तेलाची पातळी बघा, आणि तेल कमी असेल किंवा पेडल खोल जात असेल तर गाडी तिथेच सोडा.

काम झाल्यावर दिवे लगेच विझले नाहीत तर घाबरू नका. बऱ्याच गाड्यांत कोड पुसल्यावरही मॉड्यूलला स्वतः खात्री करून घ्यायची असते आणि गाडी थोडी चालवून चारही आकडे जुळलेले दिसले की मगच ते दिवे सोडतं. माझ्या गाडीचे पार्किंगमधून निघून पहिल्या वळणाच्या आधीच विझले, मग मी परत येऊन स्टिअरिंग डावीकडे पूर्ण फिरवून तीन चकरा मारल्या, आणि पुढच्या उजव्याचा आकडा एकदाही पडला नाही.